ब्रिटनचा स्टुडंट व्हिसा: वीस तासांची अट, प्रबंधाचे महिने आणि विद्यापीठाचा इशारा

प्रश्न: मी इंग्लंडमध्ये एक वर्षाचं एमएससी करतोय. लेक्चर्स मेमध्ये संपली, आता सप्टेंबरपर्यंत फक्त प्रबंध आहे. रूममेट म्हणाला उन्हाळ्यात फुल टाइम चालतं, म्हणून जूनमध्ये तीन आठवडे गोडाउनमध्ये ३३-३३ तास काम केलं. त्याआधीही एकदा पेस्लिपवर एका आठवड्यात २४ आणि पुढच्यात १६ तास आले होते, म्हणजे सरासरी वीसच. आता सुपरवायझरच्या दोन मीटिंग चुकल्या म्हणून विद्यापीठाचा हजेरीचा मेल आलाय. व्हिसा जाईल का? शिक्षण संपल्यावर इथे राहून काम करता येतं तो ग्रॅज्युएट व्हिसा मिळेल का? कुणाला सांगू, की गप्प बसू?

उत्तर:

मी ब्रिटनमध्ये परदेशी विद्यार्थ्यांना व्हिसाविषयी सल्ला देण्याचे काम करतो, आणि जून-जुलैमध्ये माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण याच गुंत्यात सापडलेले असतात. तुमच्या पत्रात कामाचे तास आधी आले आहेत आणि हजेरीचा मेल शेवटी. मी मात्र उलट क्रम लावेन. तासांचे उल्लंघन झाले असेल तर ते झालेले आहे. ते नोंदींत राहते आणि त्याची किंमत बहुधा पुढच्या अर्जाच्या वेळी समोर येते. हजेरीचे प्रकरण मात्र आज चालू आहे, त्याची गाडी आठवड्यांच्या हिशेबाने पुढे सरकते, आणि तुमचा चालू व्हिसा काही आठवड्यांत संपवण्याची ताकद त्याच्यात अधिक आहे. म्हणून आज दोनच गोष्टी करायच्या आहेत: विद्यापीठाच्या मेलला उत्तर द्यायचे, आणि या सोमवारपासून काम आठवड्याला वीस तासांच्या आत आणायचे. बाकीचे सगळे त्यानंतर.

तरीही तासांचा नियम आधी समजून घेऊ, कारण तुमचा गैरसमज तिथे झाला आहे. तो केवळ तुमच्या रूममेटचा नाही. स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना तुम्हाला आठवड्याला वीसच तास काम करता येते. पदवी अभ्यासक्रम करणाऱ्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्याची सुट्टी असते आणि त्या सुट्टीत ते पूर्णवेळ काम करू शकतात, हे खरेच आहे. आपल्याकडचे सल्लागार आणि इथले जुने विद्यार्थी हेच वाक्य पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही सांगत सुटतात. पण होम ऑफिसच्या, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याच्या, व्याख्येनुसार ज्या काळात विद्यार्थ्याने अभ्यास करणे अपेक्षित आहे तो सगळा काळ सत्राचा असतो, आणि त्या अभ्यासात वर्ग आणि परीक्षेची तयारी यांच्याइतकाच प्रबंधही मोडतो. एक वर्षाच्या मास्टर्सची रचनाच अशी असते की वर्ग मेमध्ये संपतात आणि जूनपासून प्रबंध सुरू होतो. त्यामुळे सप्टेंबरमधील अभ्यासक्रमाच्या अधिकृत शेवटच्या तारखेपर्यंत तुमचे सत्र चालूच आहे. विद्यापीठाचा आवार ओस पडलेला असतो, ग्रंथालयात बसायला हवी तशी जागा मिळते, पदवीचे विद्यार्थी घरी गेलेले असतात, आणि तरीही तुम्हाला वीसच तास लागू असतात. पीएचडीच्या विद्यार्थ्यांचे तर वर्षभर सत्रच असते. त्यांनी रीतसर मंजूर करून घेतलेली रजा तेवढी सुट्टी धरली जाते.

तुमच्यासारख्यांना मिळणारी खरी सुट्टी म्हणजे विद्यापीठाच्या वेळापत्रकात तुमच्या अभ्यासक्रमासाठी सुट्टी म्हणून छापलेले दिवस, साधारणपणे नाताळचे आणि ईस्टरचे. मधला वाचनाचा आठवडा त्यात येत नाही, कारण तो अभ्यासासाठीच दिलेला असतो. अभ्यासक्रमाची शेवटची तारीख कोणती, हे तुमच्या कॅसवर, म्हणजे विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेल्या प्रवेशाच्या पुष्टीवर, लिहिलेले असते. प्रबंध पंधरा दिवस आधी सादर केला म्हणून दुसऱ्या दिवसापासून पूर्णवेळ काम सुरू करता येते, असेही गृहीत धरू नका. काही विद्यापीठे अधिकृत तारखेपर्यंत सत्रच मानतात, म्हणून अशा वेळी त्यांच्याकडून लेखी उत्तर घ्या. ती तारीख उलटली आणि अभ्यासक्रम खरोखर पूर्ण झाला, की व्हिसा संपेपर्यंतच्या उरलेल्या महिन्यांत तासांची मर्यादा राहत नाही. एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला हे वाढीव महिने चार असतात. एवढे मात्र ध्यानात ठेवा की कायमस्वरूपी पूर्णवेळ जागा या काळातही घेता येत नाही, त्यासाठी पुढच्या व्हिसाचा अर्ज झालेला असावा लागतो.

आता तुमच्या ‘सरासरी’विषयी. ब्रिटनच्या नियमात सरासरी नावाची गोष्टच नाही. आठवडा म्हणजे सोमवारी सुरू होऊन रविवारी संपणारे सात दिवस, आणि अशा प्रत्येक आठवड्याचा हिशेब स्वतंत्र. दोन ठिकाणी काम करत असाल तर दोन्हीकडचे तास एकत्र मोजायचे, बिनपगारी काम केले असेल तर तेही धरायचे. यात रात्रपाळीची एक खोच आहे आणि गोडाउनमध्ये काम करणाऱ्यांना ती हमखास नडते. तुमच्या शिफ्ट मला ठाऊक नाहीत, म्हणून तुमचेच २४ आणि १६ हे आकडे घेऊन एक उदाहरण मांडतो.

समजा, पहिल्या आठवड्यात तुम्ही मंगळवारी आठ तास आणि शुक्रवारी आठ तास काम केले, आणि रविवारी रात्री दहाला लागून सोमवारी सकाळी सहाला सुटलात. पगारपत्रक करणारा माणूस सहसा शिफ्ट ज्या दिवशी सुरू झाली त्या दिवसाच्या नावावर टाकतो, म्हणून पेस्लिपवर पहिल्या आठवड्याचे २४ तास दिसतात. घड्याळाप्रमाणे पाहिले तर रविवारी रात्री दहा ते बारा हे दोनच तास पहिल्या आठवड्यात पडतात आणि मध्यरात्रीनंतरचे सहा तास पुढच्या आठवड्यात जातात. म्हणजे पहिल्या आठवड्यात १८ तास झाले, तिथे काहीच चुकले नाही. दुसऱ्या आठवड्यात तुम्ही बुधवारी आणि शनिवारी मिळून १६ तास केले असतील, तर आधीचे सहा धरून ते २२ होतात. पेस्लिपवर जो आठवडा अगदी निर्दोष दिसतो, उल्लंघन नेमके त्यातच झालेले असते. शिफ्ट वेगळ्या असतील तर उत्तर वेगळे येईल, आणि म्हणूनच पेस्लिपवरून घाबरून जाऊ नका आणि निर्धास्तही होऊ नका. मोबाइलवर आलेला रोटा, म्हणजे शिफ्टचे वेळापत्रक, किंवा प्रवेशद्वारावरच्या पंचिंगची नोंद मिळवा आणि कामाला लागल्यापासूनचा प्रत्येक सोमवार ते रविवार वेगळा मांडून एक कागद तयार करा. पुढे ज्या कोणाकडे सल्ल्याला जाल, तो हाच कागद आधी मागेल. मी विद्यार्थ्यांना जेवणाची बिनपगारी सुट्टी वजा न करता पूर्ण शिफ्ट मोजायला सांगतो, आणि पुढच्या काळासाठी वीसऐवजी सोळा तासांचाच रोटा मागायला सांगतो. आठ तासांच्या दोन शिफ्ट झाल्या की वर चार तास हाताशी राहतात. मग मुकादमाने एखाद्या दिवशी तासभर थांबायला सांगितले तरी मर्यादा मोडत नाही.

जूनमधल्या तीन आठवड्यांबाबत मात्र असा सुटकेचा हिशेब निघणार नाही. आठवड्याला ३३ तास म्हणजे उल्लंघन आहे, आणि गैरसमजातून झाले म्हणून ते उल्लंघन नव्हते असे ठरत नाही. हे कोणाला कळणार नाही म्हणाल, तर तेही तितके सोपे नाही. मालक तुमचा पगार देतो तेव्हा त्याची माहिती कर खात्याकडे त्याच वेळी जाते, आणि कर खाते व होम ऑफिस यांच्यात माहितीची देवाणघेवाण होते. एप्रिल २०२६ पासून २१ वर्षांच्या आणि त्यावरील कामगाराला ताशी किमान १२ पौंड ७१ पेन्स मिळतात, म्हणजे वीस तासांचे सुमारे २५४ पौंड होतात आणि ३३ तासांचे सुमारे ४१९. विद्यार्थ्याच्या नावावर ही दुसरी रक्कम आठवड्यामागून आठवडे येत राहिली, तर कोणी मुद्दाम शोधायला न बसताही ती उठून दिसते. प्रत्येक वेळी कोणी तपासतेच असे नाही. पण कोणी पाहणार नाही, या भरवशावर पुढचा अर्ज बेतू नये.

याचा परिणाम काय होऊ शकतो? अटींचा भंग झाला तर होम ऑफिस चालू व्हिसा रद्द करू शकते आणि पुढचा अर्ज नाकारू शकते. यातला ‘शकते’ हा शब्द मी जपून वापरतो आहे, कारण इथे निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याला तारतम्य वापरण्याची मुभा असते. जाणूनबुजून अट मोडणे हा ब्रिटनच्या कायद्यात गुन्हाही आहे. माझ्या पाहण्यात ज्या गोष्टींना वजन मिळते त्या अशा: उल्लंघन किती आठवडे चालले, तासांचा फरक किती मोठा होता, कळल्यावर लगेच थांबवले की चालूच ठेवले, आणि दरम्यान शिक्षण नीट चालले होते का. तीन आठवड्यांचे, खऱ्या गैरसमजातून झालेले आणि कळताच थांबवलेले उल्लंघन हे आठ महिने दोन नावांनी दोन एजन्सींकडे चाळीस तास केलेल्या कामासारखे पाहिले जात नाही. पण नियम कळल्यानंतरचा चौथा आठवडा तुमच्याकडून ‘गैरसमज’ हा शब्द काढून घेतो. म्हणून मी सोमवारची तारीख लावून धरतो आहे.

मालकाला सांगताना लाजू नका. विद्यार्थ्याला कामावर ठेवणाऱ्याने तुम्ही दिलेल्या ऑनलाइन शेअर कोडवरून तुमचा कामाचा हक्क तपासायचा असतो आणि तुमच्या सत्राच्या व सुट्टीच्या तारखांचा पुरावाही घेऊन ठेवायचा असतो. बेकायदा काम करणारा माणूस सापडला तर मालकाला पहिल्या वेळी एका माणसामागे ४५,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि पुन्हा सापडला तर ६०,००० पर्यंत. त्यामुळे ‘माझे सत्र सप्टेंबरपर्यंत चालू आहे, मला आठवड्याला सोळा तासांचाच रोटा द्या’ असा दोन ओळींचा मेल तुम्ही पाठवलात, तर तो मालकाच्याही सोयीचा असतो. फोनवर किंवा तोंडी सांगू नका, मेलच करा. तुम्ही कोणत्या दिवशी थांबलात, याचा तुमच्याकडचा सर्वांत स्वच्छ पुरावा तोच असेल.

तास कमी झाले की पैशांची ओढाताण होणार, आणि नेमकी याच वेळी दुसरी चूक घडते. कोणी मित्र जेवण पोचवण्याच्या ॲपवरचे आपले खाते वापरायला देतो, कोणी पुण्यातल्या ओळखीच्या कंपनीचे वेबसाइटचे काम रात्री खोलीत बसून करतो आणि पैसे भारतातल्या खात्यात घेतो. स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगाराला मुळातच परवानगी नाही. तिथे वीस तासही नाहीत, शून्य आहे. ॲपवरचे पोचवण्याचे काम बहुतेक ठिकाणी स्वयंरोजगारच असते, आणि दुसऱ्याचे खाते वापरल्याने त्यात फसवणुकीची भर पडते. भारतातल्या कंपनीचे काम ब्रिटनमध्ये बसून केले, तर पैसे कुठे जमा झाले याला महत्त्व नाही. काम ब्रिटनमध्ये झाले. त्या कंपनीचे तुम्ही नोकर असाल तर ते तास वीसमध्ये मोजले जातात, आणि फ्रीलान्सर असाल तर ते काम करताच येत नाही. आजवर तुमचे प्रकरण फक्त तासांचे आहे. त्याला ही दुसरी शाखा फुटू देऊ नका.

आता हजेरीकडे येऊ. तुमचे विद्यापीठ हे केवळ शिकवणारी संस्था नाही, ते तुमच्या व्हिसाचे स्पॉन्सर आहे. तुम्ही अभ्यासात खरोखर गुंतलेले आहात की नाही यावर लक्ष ठेवणे हे त्याच्या परवान्याच्या अटींत बसते. पदवी आणि त्यावरच्या अभ्यासक्रमांना देशभर एकच टक्केवारी लागू नसते. प्रत्येक विद्यापीठाचे स्वतःचे लिखित धोरण असते, आणि तुमच्या विद्यापीठाचे काय आहे ते त्यांच्या संकेतस्थळावर मिळेल. वर्ग चालू असताना कार्ड किंवा क्यूआर कोडने हजेरी लागते. प्रबंधाच्या काळात वर्गच नसल्यामुळे सुपरवायझरबरोबरच्या ठरलेल्या भेटी, मसुदा पाठवण्याच्या तारखा आणि विभागाने बोलावलेल्या तपासणीच्या भेटी यांनाच हजेरी मानले जाते. अशा भेटी महिन्यात एक-दोनच असतात. त्यामुळे दोन भेटी चुकल्या म्हणजे कागदावर तुम्ही कित्येक आठवडे गायब आहात. तुम्ही रोज ग्रंथालयात बसून लिहीत होतात, हे त्या यंत्रणेला दिसत नाही.

पुढचा क्रम साधारण असा असतो. पहिला मेल, मग दुसरा इशारा, मग विभागात किंवा व्हिसाच्या अटींवर लक्ष ठेवणाऱ्या अनुपालन कक्षात प्रत्यक्ष बोलावणे, आणि तरीही प्रतिसाद नसेल तर नाव काढून टाकून स्पॉन्सरशिप मागे घेणे. हा शेवटचा निर्णय झाला की विद्यापीठाने दहा कामकाजी दिवसांत होम ऑफिसला कळवायचे असते. त्यानंतर होम ऑफिस तुमचा व्हिसा कमी करून बहुधा साठ दिवसांवर आणते, आणि तेवढ्यात दुसरा अर्ज करणे किंवा देश सोडणे एवढेच उरते. शिक्षण थांबले की काम करण्याचा हक्कही थांबला असे धरून चालायचे. साठ दिवस कमाईसाठी मिळालेले नसतात. गंमत म्हणजे ही सगळी साखळी सुरुवातीच्या दोन मेलना उत्तर आले की बहुतेक वेळा तिथेच थांबते. मी पाहिलेल्या प्रकरणांत नाव काढले गेलेले विद्यार्थी फार अनुपस्थित होते म्हणून गेले असे क्वचितच होते. विद्यापीठाच्या पत्रांना त्यांनी उत्तरच दिले नव्हते. नाइट शिफ्ट करून दिवसभर झोपणारा मुलगा विद्यापीठाचा मेल उघडत नाही, आणि जीमेलवर येणाऱ्या मेलांत तो त्याला दिसतही नाही.

म्हणून आजच उत्तर द्या. सुपरवायझरला आणि मेल पाठवणाऱ्या कक्षाला, दोघांनाही लिहा. चुकलेल्या दोन भेटींच्या तारखा लिहा, कारण खरे असेल तेवढेच लिहा, पुढच्या भेटीसाठी स्वतः दोन वेळा सुचवा, आणि प्रबंधाचा आतापर्यंतचा मसुदा सोबत जोडा. मसुदा कच्चा असला तरी चालेल. वीस पानांचा अर्धवट मसुदा ‘मी नियमित अभ्यास करत आहे’ या वाक्यापेक्षा जास्त बोलतो. आजारी होतात तर तसे सांगा. सात दिवसांपर्यंतच्या आजाराला इथे स्वतःचे निवेदन सहसा पुरते आणि त्यापुढे डॉक्टरांचे पत्र लागते. पण आजारी नव्हतात, कामावर होतात, तर आजाराचे कारण लिहू नका. त्याच दिवशीची तुमची शिफ्ट पगाराच्या नोंदीत आहे, आणि हे दोन कागद कधीतरी एकाच टेबलावर येऊ शकतात. ‘वेळेचे नियोजन चुकले, ते मी आता दुरुस्त केले आहे’ एवढे लिहिणे खोटे नाही आणि पुरेसे आहे. मित्राकडून क्यूआर कोडचा फोटो मागवून हजेरी लावण्याचा आपल्याकडचा प्रॉक्सीचा प्रकार इथे करून पाहू नका. तो विद्यापीठाच्या शिस्तभंगाचा विषय होतो आणि मग अनुपस्थितीपेक्षा जड जातो.

आणखी एक गोष्ट याच काळात घडते म्हणून सांगतो. गणपती ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरमध्ये येतात, म्हणजे ऐन प्रबंधाच्या काळात. ‘लिहायचेच तर आहे, घरी बसून लिहीन’ असे म्हणून परस्पर तिकीट काढणारे दरवर्षी भेटतात. विद्यापीठाची लेखी परवानगी असेल तर थोड्या दिवसांसाठी जाता येते. परवानगीशिवाय गेलात, त्यात सुपरवायझरची एक भेट चुकली आणि आधीचा इशारा फाइलमध्ये असला, तर विद्यापीठ तुम्ही अभ्यासक्रम सोडला असे समजू शकते. यंदा तुम्ही जाऊ नये असे माझे मत आहे.

आता तुमचा सर्वांत अवघड प्रश्न: कुणाला सांगायचे? विद्यापीठात दोन वेगळी दारे असतात आणि बाहेरून ती सारखीच दिसतात. एक अनुपालन कक्ष, ज्याचे काम होम ऑफिसला कळवणे हे आहे. दुसरा परदेशी विद्यार्थ्यांचा सल्ला कक्ष, ज्याचे काम तुम्हाला मदत करणे हे आहे. काही विद्यापीठांत हे दोन्ही कक्ष एकमेकांपासून कडेकोट वेगळे असतात, काही ठिकाणी तितके नसतात. अटींच्या भंगाची माहिती स्पॉन्सर म्हणून विद्यापीठापर्यंत पोचली, तर त्याला ती कळवावी लागते. म्हणून तासांचा विषय काढण्याआधी, बसल्या बसल्या पहिला प्रश्न विचारा: ‘मी जे सांगेन ते तुम्ही अनुपालन कक्षाला सांगता का?’ चांगला सल्लागार या प्रश्नाचा राग मानत नाही. तो सरळ उत्तर देतो. विद्यार्थी संघटनेचे सल्ला केंद्र बहुतेक ठिकाणी विद्यापीठापासून स्वतंत्र असते, त्यामुळे सुरुवात तिथून करणे मला बरे वाटते. बाहेरच्या वकिलाकडे किंवा सल्लागाराकडे जाणार असाल, तर तो अधिकृत आहे का ते पाहा. ब्रिटनमध्ये इमिग्रेशनचा सल्ला देण्यासाठी सॉलिसिटर असणे किंवा इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटीकडे नोंदणी असणे आवश्यक आहे. तुम्हाला प्रवेश मिळवून देणाऱ्या गावाकडच्या एजंटला किंवा व्हॉट्सॲपच्या ग्रुपला हे काम येत नाही, आणि ग्रुपवर लिहिलेले कुठे कुठे फिरते याचा काही नेम नसतो.

सल्ला घेण्याआधी घाबरून होम ऑफिसला स्वतः होऊन पत्र पाठवू नका. त्याचबरोबर, विचारल्यावर खोटेही बोलू नका. या दोन वाक्यांत विरोध नाही. आज तुम्हाला कोणी विचारलेले नाही, तेव्हा आधी कागद जमवा आणि जाणत्या माणसाला दाखवा. पण पुढच्या व्हिसाच्या अर्जात पूर्वीच्या अटींच्या भंगाबद्दल विचारलेले असेल, तर तिथे ‘नाही’वर खूण करणे हा वेगळाच गुन्हा होतो. मूळ उल्लंघनावर अधिकाऱ्याला तारतम्य वापरता येते. अर्जातली फसवणूक सिद्ध झाली तर ते तारतम्य जवळपास संपते, अर्ज नाकारला जातो आणि दहा वर्षांपर्यंत ब्रिटनचे दार बंद होऊ शकते. तीन आठवडे जास्त काम केल्याचे स्पष्टीकरण, सोबत आठवडेवार कागद आणि मालकाला पाठवलेला मेल, असा अर्ज मी मंजूर होताना पाहिला आहे. तुमचा होईलच असे मी म्हणू शकत नाही, कारण जूनच्या आधीचे सगळे आठवडे काय सांगतात ते अजून तुम्हीही मोजलेले नाही.

ग्रॅज्युएट व्हिसाच्या बाबतीत यंदा तारखेचा एक पेच आहे. त्या अर्जासाठी अभ्यासक्रम यशस्वीपणे पूर्ण झालेला असावा लागतो, विद्यापीठाने तसे होम ऑफिसला कळवलेले असावे लागते, आणि तुमचा स्टुडंट व्हिसा चालू असताना, ब्रिटनमध्ये असतानाच अर्ज करावा लागतो. ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत अर्ज करणाऱ्या मास्टर्सच्या विद्यार्थ्याला दोन वर्षे मिळतात. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्याला अठरा महिने. सप्टेंबरमध्ये प्रबंध दिला तर निकाल साधारण नोव्हेंबरमध्ये लागतो आणि विद्यापीठाची नोंद त्यानंतर जाते, म्हणजे तुमच्या हातात काही आठवडेच उरतात. सुपरवायझरच्या चुकलेल्या भेटींमुळे प्रबंध रखडला आणि मुदतवाढ घ्यावी लागली, किंवा तो नापास होऊन पुन्हा द्यावा लागला, तर निकाल जानेवारीत ढकलला जाईल आणि सहा महिने तिथेच जातील. शिवाय तुमचा स्टुडंट व्हिसाही त्याच सुमारास संपतो, त्यामुळे विद्यापीठाला नवा कॅस द्यावा लागेल आणि नव्याने अर्ज करावा लागेल; आणि तो अर्जही तीन आठवड्यांच्या त्या नोंदीसकट तपासला जाईल.

तेव्हा सल्लागाराकडे जाताना चार गोष्टी सोबत न्या: ईव्हिसाच्या खात्यातील कामाची अट दिसणारे पान, कॅस, सोमवार ते रविवार असा मांडलेला तासांचा कागद, आणि विद्यापीठाच्या मेलला तुम्ही दिलेल्या उत्तराची प्रत. कॅसवरची शेवटची तारीख सप्टेंबरचीच आहे ना, हे मात्र घरीच पाहून घ्या. काही अभ्यासक्रमांची ती जानेवारीपर्यंत जाते, आणि तसे असेल तर या उत्तरातला वीस तासांचा काळही जानेवारीपर्यंत लांबतो आणि निकाल डिसेंबरपूर्वी हाती येण्याची आशा धरता येत नाही.